स्टॉलची पाटी नेमकी कुठून वाचली जाते?

व्यापारी प्रदर्शनात स्टॉल घ्यायचा ठरला की बहुतेकांचा सगळा जीव एकाच गोष्टीत अडकतो: मागची मोठी पाटी, म्हणजे बॅकड्रॉप. लोगो केवढा, रंग कोणता, फोटो कुठला, यावर घरात आठवडाभर चर्चा होते. उरलेल्या पैशांत एक रोल-अप स्टँडी येते, जी भारतात आपण नुसतंच ‘स्टँडी’ म्हणतो, आणि ती स्टॉलवर जिथे जागा उरेल तिथे उभी राहते. अक्षरं लांबून दिसायला हवीत हे सगळ्यांना माहीत असतं. पण ‘लांबून’ म्हणजे किती लांबून, आणि कुठल्या बाजूने, हे फारसं कुणी मोजत नाही. या लेखात आपण तेच मोजणार आहोत. गणित शाळेतलंच आहे, पण त्यातून निघणारं उत्तर थोडं अनपेक्षित आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. लेस्टरमधलं एक मराठी जोडपं घरगुती मसाल्यांचा छोटा व्यवसाय करतं. बर्मिंगहॅमच्या एनईसी केंद्रात खाद्यपदार्थांच्या प्रदर्शनात त्यांनी 3 मीटर बाय 3 मीटरचा स्टॉल घेतलाय. मुख्य माल म्हणजे कांदा-लसूण मसाला. ब्रँडचे रंग गडद हिरवा आणि लाल. त्यांना एक मागची पाटी आणि दोन स्टँडी करायच्या आहेत. जागेचं भाडं, माल, गाडी, राहणं, सगळं धरलं तर या तीन छापील वस्तूंचा खर्च लहानच असतो. पण समोरून जाणारा माणूस थांबेल की नाही, हे बरंचसं त्याच ठरवतात.

आधी नकाशा काढा

युरोपात आणि आखाती देशांत छोट्या स्टॉलला सहसा तयार भिंती मिळतात. अ‍ॅल्युमिनियमचे खांब आणि त्यांत बसवलेले पांढरे तक्ते, उंची साधारण अडीच मीटर. मागे एक भिंत, दोन बाजूंना दोन, आणि समोरची बाजू उघडी. आपल्या जोडप्याचा स्टॉल असाच आहे. समोर 3 मीटर रुंदीची गल्ली आहे आणि माणसं तिच्या मधून चालतात, म्हणजे स्टॉलच्या पुढच्या कडेपासून दीड मीटरवरून.

आता कागदावर हा चौकोन काढा आणि डावीकडून चालत येणाऱ्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवा. तुमच्या डोळ्यातून निघालेली रेषा डाव्या भिंतीच्या पुढच्या कडेला चाटून आत जाते. त्या रेषेच्या डावीकडचं सगळं त्या भिंतीने झाकलेलं असतं. तुम्ही डाव्या कडेपासून 1 मीटर अलीकडे असाल, तर मागच्या भिंतीचे डावीकडचे 2 मीटर झाकलेले असतात. दीड मीटर अलीकडे असाल तर पूर्ण 3 मीटर झाकलेले. याचा अर्थ असा, की स्टॉल दीड मीटरवर येईपर्यंत मागची पाटी तुम्हाला अजिबात दिसत नाही. एक अक्षरही नाही.

मग ती उजव्या टोकाकडून हळूहळू उघडत जाते. पूर्ण पाटी दिसते ती फक्त स्टॉलच्या समोरून चालताना, त्या 3 मीटरमध्ये. साधारण चालीने, सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास, हे अंतर अडीच सेकंदांत संपतं. पुढे गेलं की पाटी डाव्या टोकापर्यंत सरकत पुन्हा झाकली जाते. माणूस गल्लीच्या पलीकडच्या कडेने चालला तर पाटी थोडी आधी दिसू लागते, पण फार नाही. अडीच सेकंदांचा आकडा तोच राहतो.

यातून दोन गोष्टी कळतात. एक म्हणजे मागच्या पाटीसाठी ‘लांबून’ या शब्दाचा अर्थ साडेचार ते साडेपाच मीटर एवढाच आहे. तिथली अक्षरं वीस मीटरवरून वाचता येतील इतकी मोठी करण्यात काही अर्थ नाही, कारण वीस मीटरवरून ती भिंतीआड आहेत. दुसरी म्हणजे लोगो फक्त डाव्या कोपऱ्यात ठेवला, जसा आपण वेबसाइटवर ठेवतो, तर डावीकडून येणाऱ्या माणसाला तो सगळ्यांत शेवटी दिसतो. महत्त्वाचा शब्द मधोमध हवा.

समोर दिसते ती बाजूची भिंत

मग लांबून काय दिसतं? पुन्हा नकाशा बघा. डावीकडून येणाऱ्या माणसाच्या डोळ्यासमोर स्टॉलची मागची भिंत नसते, उजवी भिंत असते. आणि ती त्याला जवळजवळ सरळ समोर दिसते, कारण तो तिच्याच दिशेने चालत येत असतो. मागची भिंत तो चालतो त्या दिशेला समांतर आहे, त्यामुळे ती बघायला मान वळवावी लागते. बाजूच्या भिंतीसाठी मान वळवावीच लागत नाही.

ती किती लांबून दिसते? स्टॉल 5 मीटरवर असताना उजव्या भिंतीचा पुढचा साधारण 90 सेंटिमीटरचा पट्टा दिसतो. हा पट्टा त्या क्षणी डोळ्यापासून 8 मीटरच्या आसपास असतो. आणि रोल-अप स्टँडीची नेहमीची रुंदी असते 85 सेंटिमीटर!

म्हणजे स्टँडीची जागा आपोआप ठरली. उजव्या भिंतीला टेकून, स्टॉलच्या अगदी पुढच्या कडेशी, तोंड डावीकडे. दुसरी तशीच डाव्या भिंतीला, तोंड उजवीकडे, कारण माणसं दोन्ही बाजूंनी येतात. अशी स्टँडी 5 मीटर आधीपासून पूर्ण दिसते, म्हणजे माणूस स्टॉलच्या कडेपाशी येईपर्यंत त्याच्याजवळ 4 सेकंद असतात. मागची पाटी उघडायच्या आत त्याला हे कोण आहेत आणि काय विकतात ते कळलेलं असतं. बहुतेक स्टॉलवर मात्र स्टँडी गल्लीकडे तोंड करून, मागच्या पाटीसारखीच उभी असते, आणि दोन्ही वस्तू त्याच अडीच सेकंदांसाठी भांडत बसतात. स्टँडीचा पाय स्टॉलच्या रेषेबाहेर गल्लीत मात्र येऊ देऊ नका. आयोजक लगेच आत घ्यायला लावतात.

स्टॉल कोपऱ्याचा असेल तर एक बाजूची भिंत नसते. त्या बाजूने येणाऱ्याला मागची पाटी बरीच आधी दिसते. नकाशा पुन्हा काढावा लागेल, पण रीत तीच.

अमेरिकेत गणित बदलतं

अमेरिकेतल्या वाचकांनी इथे थांबून आपला नियम बघायला हवा. तिकडे 10 फूट बाय 10 फुटांच्या स्टॉलला सहसा भिंती नसतात, पडदे असतात. मागचा पडदा 8 फूट उंच आणि बाजूचे फक्त 3 फूट. शिवाय बऱ्याच प्रदर्शनांत असा नियम असतो की रांगेतल्या स्टॉलच्या पुढच्या निम्म्या भागात 4 फुटांपेक्षा उंच काही उभं करायचं नाही, म्हणजे शेजाऱ्याची पाटी झाकली जाणार नाही. अशा ठिकाणी वर सांगितलेली स्टँडीची जागा नियमात बसत नाही.

पण त्याच नियमामुळे शेजारीसुद्धा तुमची पाटी झाकू शकत नाही. त्याचं उंच सामान मागच्या 5 फुटांतच असणार. तोच नकाशा या मापांनी काढला, तर मागची पाटी दीड मीटरऐवजी साधारण 6 मीटर आधीपासून दिसायला लागते, सुरुवातीला फारच तिरपी. म्हणून अमेरिकेत लांबून वाचायचं काम मागच्या पाटीलाच करावं लागतं आणि तिच्यावरचं नाव 8-9 मीटरच्या हिशोबाने मोठं करावं लागतं. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनात किंवा दुसरीकडे कुठेही स्टॉल लावणार असाल, तर आयोजकांच्या पुस्तिकेतलं उंचीचं पान आधी वाचा आणि मगच छपाईला द्या. एका देशात चाललेलं डिझाइन दुसऱ्या देशात जसंच्या तसं चालेलच असं नाही.

आता अक्षराची उंची

अंतर कळलं की अक्षर किती मोठं हवं ते काढता येतं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे भिंतीवर जो अक्षरांचा तक्ता असतो, तो नेदरलँड्समधल्या हर्मन स्नेलन यांनी 1862 मध्ये केला. त्यामागची कल्पना साधी आहे. अक्षर किती मोठं दिसतं हे त्याच्या सेंटिमीटरवर नाही, तर ते डोळ्याशी केवढा कोन करतं यावर ठरतं. चांगल्या नजरेच्या माणसाला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील ओळखता येतो. तक्त्यावरचं अक्षर पाच अशा भागांचं असतं: रेघ एक भाग, मोकळी जागा एक भाग, अशी रचना. 6 मीटरवर हे अक्षर जेमतेम 9 मिलिमीटरचं भरतं. म्हणजे दर मीटरला दीड मिलिमीटर.

पण ही डॉक्टरकडची मर्यादा आहे. तिथे तुम्ही खुर्चीत बसून, डोळे बारीक करून, एकेक अक्षर ओळखत असता. प्रदर्शनात माणूस चालत असतो, हातात कॉफी असते, आणि वाचायचंच असं त्याने ठरवलेलं नसतं. म्हणून पाट्या करणारे लोक एक जुना ठोकताळा वापरतात: दर 10 फुटांना 1 इंच. मेट्रिकमध्ये दर मीटरला साधारण 8 मिलिमीटर, म्हणजे डॉक्टरच्या मर्यादेच्या पाचपटीहून थोडं जास्त. हे माप इंग्रजी मोठ्या अक्षरांसाठी आहे.

8 मीटरवरून वाचायच्या स्टँडीला या हिशोबाने 6 ते 7 सेंटिमीटर उंचीचं इंग्रजी अक्षर हवं. 5 मीटरवरून वाचायच्या मागच्या पाटीवरची दुय्यम ओळ 4 सेंटिमीटरची चालेल. त्याहून बारीक जे काही असेल ते टेबलाशी आलेल्या माणसासाठी आहे, आणि ते पाटीवर नाही तर टेबलावरच्या पत्रकात जास्त शोभतं.

देवनागरीला जास्त जागा लागते

देवनागरीत हा ठोकताळा तसाच वापरला तर अक्षरं कमी पडतात. कारण आपल्या लिपीत ओळख पटवणारा तपशील अक्षराच्या छोट्या भागात असतो. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’, ‘ष’ आणि ‘प’ या जोड्यांमधला फरक केवढासा आहे बघा. शिरोरेषेतली एक फट, एक गाठ, पोटातली एक तिरपी रेघ. शिवाय अनुस्वाराचा टिंब, मात्रा, उकार हे सगळं अक्षराच्या मूळ उंचीच्या बाहेर, वर आणि खाली. लांबून आधी हेच हरवतं. ‘कांदा’चा अनुस्वार गेला की ‘कादा’ उरतो.

म्हणून देवनागरीची उंची आम्ही इंग्रजीच्या दीडपट धरतो. हा आमचा अंदाज आहे, प्रमाणित नियम नाही, आणि उंची म्हणजे शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत. वेलांटी आणि उकार त्यात मोजायचे नाहीत. फाँटचा आकडाही मोजायचा नाही, कारण एकाच आकड्यावर बऱ्याच फाँटमध्ये देवनागरी अक्षर इंग्रजी मोठ्या अक्षरापेक्षा बुटकं निघतं. प्रत्यक्ष छपाईच्या मापात पट्टी धरून बघा.

आपल्या स्टँडीवर ‘कांदा-लसूण’ या शब्दाला मग 10 सेंटिमीटरची उंची हवी.  साध्या वळणाच्या फाँटमध्ये 85 सेंटिमीटरच्या स्टँडीवर दोन्ही बाजूंना 5 सेंटिमीटर मोकळे सोडले तरी तो बसतो. ‘मसाला’ दुसऱ्या ओळीत. दोन ओळींमध्ये मात्र जवळजवळ एका अक्षराची उंची मोकळी सोडा, नाहीतर वरच्या ओळीतला ‘सू’चा उकार खालच्या ओळीच्या शिरोरेषेला टेकतो. इंग्रजीची सवय असलेला डिझायनर ओळी जवळ घेतो आणि अशी टक्कर होते.

जाडीबद्दल एक सावधगिरी. ‘लांबून दिसावं’ म्हणून लोक सगळ्यांत जाड फाँट निवडतात. देवनागरीत त्याने अक्षराच्या पोटातली मोकळी जागा भरून जाते आणि ‘घ’चा ‘ध’ व्हायला मदतच होते. मध्यम जाड वळण घ्या. ‘मुक्त’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’सारख्या मोफत फाँटमध्ये अशा जाडीच्या बऱ्याच पायऱ्या मिळतात. आणि ‘ल’ आणि ‘श’ कडे नीट बघा. मराठी वळणाचा ‘ल’ आणि हिंदी छापील वळणाचा ‘ल’ वेगळे आहेत. बरेच फाँट मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदवली तरच मराठी वळण देतात. ‘लसूण’ आणि ‘मसाला’, दोन्हीत ‘ल’ आहे, तेव्हा हे इथे लगेच डोळ्यात भरेल.

पण बर्मिंगहॅममध्ये मराठी वाचणार कोण?

हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर स्टॉल कुणासाठी आहे यावर अवलंबून आहे. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात देवनागरी शब्द वाचला जातो, त्यामुळे तिथे वरचं सगळं गणित त्याला लागू होतं. बर्मिंगहॅमच्या व्यापाऱ्यांच्या प्रदर्शनात मात्र समोरच्या बहुतेकांना देवनागरी वाचता येत नाही. त्यांच्यासाठी तो शब्द वाचायची गोष्ट नसून चित्र आहे. चित्राचं काम लक्ष वेधणं आणि हे कुठून आलंय ते सांगणं, आणि ते काम तो उत्तम करतो.

अडचण येते ती दोन्ही लिप्या सारख्याच आकारात, एकाखाली एक लावल्या की. बघणाऱ्याला कुठून सुरुवात करायची कळत नाही आणि त्याचे सेकंद त्यातच जातात. एकीला वाचायचं काम द्या, दुसरीला चित्राचं. आपल्या जोडप्याने असं केलं: स्टँडीवर वर इंग्रजीत ब्रँडचं नाव, त्याखाली इंग्रजीतच हा कशाचा मसाला आहे ते तीन शब्दांत, आणि मध्ये मोठं ‘कांदा-लसूण मसाला’ मराठीत, पाकिटावर आहे त्याच वळणात. इंग्रजी ओळी 7 सेंटिमीटरच्या. फोन नंबर, पत्ता, पुरस्कार, सगळं काढून टाकलं.

सगळ्या ओळी स्टँडीच्या वरच्या निम्म्या भागात आहेत. 2 मीटर उंच स्टँडीचा खालचा भाग माणसांच्या पायांनी, पिशव्यांनी, टेबलाने झाकला जातो, आणि शेवटचे काही सेंटिमीटर तर गुंडाळीच्या पेटीतच राहतात. मागच्या पाटीवरही हेच, फक्त तिथे झाकणारे तुम्ही स्वतः असता. दिवसभर तुम्हीच तिच्यासमोर उभे असणार. तेव्हा तिच्यावरचं नाव जमिनीपासून 1.8 मीटरच्या वर, डोक्यांच्या वर हवं.

ब्रँडचे रंग आणि उजेड

आता रंग. आपल्या जोडप्याच्या पाकिटावर हिरव्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरं आहेत. हातात धरलेल्या पाकिटावर ते छान दिसतं. 8 मीटरवरून मात्र अक्षर दिसतं ते मुख्यतः उजळपणाच्या फरकामुळे, रंगाच्या फरकामुळे नाही. हा फरक मोजण्याचं एक गुणोत्तर वेबसाइटच्या दुनियेत वापरतात: काळ्या-पांढऱ्यासाठी ते 21, आणि एकाच रंगावर तोच रंग असेल तर 1. मोठ्या अक्षरांसाठी निदान 3 हवं असं तिथे मानतात. ते पडद्यासाठी ठरवलेलं आहे, पण छपाईचा अंदाज घ्यायलाही कामी येतं.

पाकिटावरचा लाल `#C8102E` आणि हिरवा `#00843D` धरला, तर गुणोत्तर येतं 1.2. म्हणजे उजळपणाच्या दृष्टीने दोन्ही रंग जवळजवळ एकच आहेत. त्यात उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण बारांमागे एकाला लाल-हिरव्यातला फरक कमी कळतो, आणि बर्मिंगहॅमच्या गल्लीतून असे बरेच जण जाणार. त्यांच्यासाठी ही पाटी जवळपास कोरीच आहे.

ब्रँडचे रंग बदलायची गरज नाही, त्यांची कामं बदलायची. हिरव्यावर पांढरी अक्षरं घेतली तर गुणोत्तर 4.8 होतं. पांढऱ्या पट्ट्यावर लाल अक्षरं घेतली तर 5.9. म्हणून स्टँडी हिरवी, तिच्यावर इंग्रजी ओळी पांढऱ्या, आणि मधोमध पांढऱ्या पट्ट्यावर लाल ‘कांदा-लसूण मसाला’. पाकीट आणि स्टँडी एकाच घरची वाटतात, आणि दोन्ही वाचता येतात. हे आकडे न काढताही तपासता येतं. डिझाइनचा फोनवर फोटो घ्या आणि तो कृष्णधवल करा. अक्षरं राखाडीत विरघळली तर लांबूनही विरघळतील.

हळदीच्या पिवळ्याबद्दलही सांगायला हवं, कारण तो मराठी ब्रँडचा लाडका रंग आहे. पांढऱ्यावर पिवळी अक्षरं कधीच चालत नाहीत. `#F2A900` सारखा गडद हळदीचा पिवळा घेतला तरी गुणोत्तर जेमतेम 2 येतं. तोच पिवळा गडद मरून रंगावर, समजा `#6B1420` वर, जवळजवळ 6 देतो.

छापताना आणखी एक घोळ होतो. पडद्यावरचा रंग उजेडाचा असतो, कागदावरचा शाईचा. चमकदार केशरी आणि हिरवे शाईत सहसा मंद निघतात. त्यात मागची पाटी कापडावर आणि स्टँडी प्लॅस्टिकच्या फिल्मवर, वेगवेगळ्या यंत्रांवर छापली जाते. फाइलमध्ये आकडे तेच असले तरी दोन हिरवे शेजारी ठेवले की वेगळे दिसू शकतात. छपाईवाल्याला पँटोनचा क्रमांक द्या, शक्य तर दोन्ही वस्तू एकाच ठिकाणी करा, आणि दोन्ही साहित्यांवरचा हाताएवढा नमुना मागवून एकत्र बघा. फिल्म चकचकीत नको, मॅट घ्या. स्टॉलचे दिवे चकचकीत फिल्मवर पांढरे डाग पाडतात आणि नेमकं अक्षरच त्याखाली जातं.

फाइल पाठवण्याआधी

परदेशात मराठी छापून घेताना सगळ्यांत लाजिरवाणी चूक या टप्प्यावर होते. छपाईवाल्याच्या संगणकावर देवनागरी जोडण्याची सोय चालू नसेल, तर ‘मिरची’मधली वेलांटी ‘म’च्या पुढे जाऊन बसते आणि ‘शुद्ध’चा पाय मोडून ‘शुद्‌ध’ होतो. त्याला मराठी येत नाही, त्यामुळे काही बिघडलंय हे त्याला कळणारच नाही. म्हणून मजकूर अक्षर म्हणून पाठवू नका. फाइल करतानाच त्याचं बाह्यरेषांत, म्हणजे आकारात रूपांतर करा. छपाईवाला तपासणीसाठी फाइल परत पाठवेल, तीही मराठी वाचणाऱ्या कुणीतरी मोठ्याने वाचायलाच हवी.

लोगोही आकाराच्या स्वरूपात हवा. वेबसाइटवरचा 400 ठिपके रुंद लोगो 1 मीटर रुंद ताणला तर प्रत्येक ठिपका अडीच मिलिमीटरचा होतो. साडेचार मीटरवरून डोळा साधारण 1.3 मिलिमीटरपर्यंतचा तपशील ओळखतो, त्यामुळे पायऱ्या-पायऱ्यांची कड गल्लीतूनही दिसते. आणि मागच्या पाटीसाठी घडीचा पॉप-अप सांगाडा घेत असाल तर स्टॉलची आतली रुंदी विचारून घ्या. 3 मीटरच्या स्टॉलमध्ये खांबांची जाडी वजा जाते, त्यामुळे बरोबर 3 मीटरचा सांगाडा आत बसत नाही. पाटी जोड-तक्त्यांची असेल तर जोड कुठे येतात ते बघून अक्षरं त्यांच्या अधेमधे बसवा.

शेवटी छपाईआधीची चाचणी, आणि तिला घरचा प्रिंटर पुरतो. डिझाइन एक-दशांश आकारात छापा. 85 बाय 200 सेंटिमीटरची स्टँडी 8.5 बाय 20 सेंटिमीटरची होते आणि ए-4 कागदावर बसते. ती एक-दशांश अंतरावरून बघायची, म्हणजे 8 मीटरऐवजी 80 सेंटिमीटरवरून. कोन तोच राहतो, त्यामुळे डोळ्याला अक्षर तेवढंच दिसतं. मागची पाटी 45 ते 55 सेंटिमीटरवरून बघा. फक्त बघणारी व्यक्ती अशी हवी, जिने हा मजकूर आधी वाचलेला नाही. तुम्हाला तो पाठ आहे, त्यामुळे तुम्ही न वाचताच वाचता. कागद स्टँडीसाठी 4 सेकंद, पाटीसाठी अडीच सेकंद दाखवा, मग उलटा ठेवा आणि विचारा: हे लोक काय विकतात? उत्तर आलं नाही तर अक्षर वाढवण्याआधी एक ओळ कमी करा आणि पुन्हा दाखवा.